पाचवी नोंद, एकोणचाळिसावी नोंद

सोमवार, १४ फेब्रुवारी १८७६. वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात कारकुनापुढे रोजकीर्द उघडी आहे. कागद आणि पैसे घेऊन जो येईल त्याचं नाव आणि भरलेली फी तो ओळीने उतरवून घेतो. त्या दिवसाची पाचवी नोंद आहे ए. जी. बेल, पंधरा डॉलर. त्याखाली तेहतीस अनोळखी नोंदी. आणि मग एकोणचाळिसावी नोंद, ई. ग्रे, दहा डॉलर.

पाचवी नोंद ज्याची होती त्याचं नाव आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. एकोणचाळिसाव्याचं कुणाला विचारू नये. अलेक्झांडर ग्रॅहम बेल दोन तास आधी पोहोचला, एलिशा ग्रे दोन तास उशिरा, आणि टेलिफोनचा जनक कोण हे त्या दोन तासांत ठरलं, अशी ही गोष्ट सहसा सांगितली जाते. गाडी चुकल्याच्या गोष्टीसारखी ती चटकन मनात बसते. पण तीत एक मोठी अडचण आहे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात अर्ज आधी कुणी टाकला याला निर्णायक महत्त्व नव्हतंच. कल्पना आधी कुणाला सुचली आणि तिचा पाठपुरावा कुणी केला, हे पाहून पेटंट दिलं जाई. अर्जाच्या तारखेला मान देणारी पद्धत अमेरिकेत लागू झाली ती थेट मार्च २०१३ मध्ये.

मग ग्रे हरला कशाने? रोजकीर्दीच्या त्या पानावर वेळेपेक्षा जास्त बोलका आहे तो फीमधला पाच डॉलरचा फरक.

आधी हे दोघं कोण ते पाहू. ग्रे तेव्हा चाळिशीचा होता, नाव कमावलेला, तारायंत्राच्या धंद्यात मुरलेला. त्याने भागीदारीत काढलेला कारखाना वाढत जाऊन वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी झाली होती. बेल त्याच्यापेक्षा अकरा-बारा वर्षांनी लहान, बोस्टनमध्ये मूकबधिरांना बोलायला शिकवणारा मास्तर. विजेचं ज्ञान बेताचंच, पण आवाज म्हणजे काय, तो घशातून कसा निघतो आणि कानात कसा शिरतो, हे त्याच्या घरात दोन पिढ्यांपासून चालत आलेलं. त्याच्या प्रयोगांना पैसा पुरवणारा गार्डिनर हबर्ड हा वकील होता, आणि हबर्डची बधिर मुलगी मेबल ही बेलची विद्यार्थिनी आणि वाग्दत्त वधू. होणाऱ्या सासऱ्याचा पैसा डोक्यावर असला की माणसाला किती घाई होते, हे वेगळं सांगायला नको.

दोघांपैकी कुणीही मुळात टेलिफोनच्या मागे लागलेला नव्हता. पैसा तारेत होता. एका तारेवरून एका वेळी मोजकेच संदेश जात, आणि नवी तार टाकणं महाग. एकाच तारेवरून वेगवेगळ्या सुरांत एकदम अनेक संदेश पाठवता आले, तर वेस्टर्न युनियनसारखी बलाढ्य कंपनी थैली मोकळी सोडायला तयार होती. दोघंही या ‘सुरांच्या तारे’मागे धावत होते आणि धावता धावता दोघांनाही आवाज भेटला.

ग्रेला तो आंघोळीच्या टबात भेटला. १८७४ साली त्याचा पुतण्या न्हाणीघरात विजेच्या वेटोळ्याशी खेळत होता. एक टोक टबाच्या जस्ती अस्तराला जोडलेलं, दुसरं हातात. मोकळा हात अस्तरावर घासला की टब गुणगुणे, आणि वेटोळ्याच्या थरथरणाऱ्या पट्टीचा जो सूर, तोच टबाचा. ग्रेने त्यावरून सूर पाठवणारी यंत्रं बनवली. पुढे मिलवॉकीत त्याने मुलांचा खेळ पाहिला. दोन डबे, मध्ये ताणलेला दोरा, एका डब्यात बोललं की दुसऱ्यात ऐकू येतं. हा खेळ आपल्याकडेही काड्यापेटीच्या खोक्यांनी कितीकांनी खेळला असेल. दोऱ्याच्या जागी वीज आली तर, हा विचार त्याला तिथे चिकटला.

बेलला तो भेटला २ जून १८७५ रोजी. बोस्टनच्या कोर्ट स्ट्रीटवर चार्ल्स विल्यम्सच्या कारखान्याच्या माळ्यावर एका खोलीत बेल, दुसऱ्या खोलीत त्याचा मदतनीस कारागीर थॉमस वॉटसन. मध्ये तार. यंत्रातली एक पोलादी पट्टी अडकून बसली, म्हणून वॉटसनने ती बोटाने छेडली. दुसऱ्या टोकाच्या पट्टीला कान लावून बसलेल्या बेलला नुसती टिकटिक ऐकू आली नाही, तर छेडलेल्या पट्टीचा स्वतःचा झंकार ऐकू आला. तो धावत आला आणि कशालाही हात लावू नकोस म्हणून बजावलं.

आता जरा यंत्रापाशी थांबायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण इथल्या एका मुद्द्यावर आहे.

तारायंत्रात वीज असते किंवा नसते. नळाची तोटी पूर्ण उघडायची, पूर्ण बंद करायची, एवढाच खेळ. १८६१ साली जर्मनीत योहान फिलिप राइसने जे ‘टेलिफोन’ बनवलं होतं, ते याच तत्त्वावर मांडलेलं. त्यातून सूर जाई, पण शब्द नीट कळत नसत. कारण बोलण्यात एका सेकंदात सूर किती वेळा हलतो एवढंच नसतं. तो किती जोराने हलतो, मध्येच कसा वळतो, ‘अ’चा ‘इ’ कसा होतो, हे सगळं त्या हलण्याच्या आकारात असतं. ते पोहोचवायचं तर तोटी उघडझाप करून भागत नाही. ती सतत अर्धी-पाव उघडी ठेवून आवाजाच्या चालीने कमीजास्त करावी लागते, म्हणजे धार तुटत नाही, फक्त लहानमोठी होते. बेल याला लहरणारा प्रवाह म्हणे.

अशी लहर निर्माण करायचे मार्ग दोन. पहिला असा की पडद्यासमोर बोलायचं, पडद्याला चिकटवलेला लोखंडी तुकडा विद्युतचुंबकापुढे थरथरेल आणि तारेत आपोआप बारीक लहर उठेल. बॅटरीने हवा तेवढा जोर द्यायची सोय यात नाही, सगळी ताकद बोलणाऱ्याच्या फुप्फुसांची, त्यामुळे आवाज क्षीण. दुसरा मार्ग असा की बॅटरीची वीज तारेतून वाहतीच ठेवायची आणि तिच्या वाटेत एक असा अडसर घालायचा, की आवाजाबरोबर तो कमीजास्त होईल. मग बोलणाऱ्याला फक्त तोटी फिरवायची असते, पाणी टाकीचं असतं.

ग्रेने हा दुसरा मार्ग घेतला होता. त्याच्या कागदावरच्या चित्रात एक माणूस खाली तोंड करून नळकांड्यात बोलतो आहे. नळकांड्याच्या तळाला पडदा, पडद्याला लोंबणारी तारेची काडी, काडीचं टोक खालच्या भांड्यातल्या द्रवात बुडालेलं. भांड्याच्या तळाशी तारेचं दुसरं टोक. पडदा थरथरला की काडी द्रवात वरखाली होते, दोन टोकांमधलं अंतर बदलतं, वीज कधी सहज जाते, कधी अडखळत. बेलच्या अर्जातल्या सातव्या आकृतीत मात्र पहिला मार्ग होता, दोन्ही बाजूंना शंकूसारखं तोंड, पडदा आणि चुंबक. द्रवाचं भांडं त्यात कुठेच काढलेलं नव्हतं. पण लेखी वर्णनात एक छोटा परिच्छेद होता, की रोध कमीजास्त करूनही अशी लहर आणता येईल, उदाहरणार्थ द्रवात तार वरखाली हलवून.

हा परिच्छेद वाचकांनी लक्षात ठेवावा. टेलिफोनच्या इतिहासातला सर्वांत महागडा परिच्छेद तो हाच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. १४ फेब्रुवारीला यातलं काहीही बोलत नव्हतं. बेलच्या यंत्रातून आदल्या वर्षी बोलण्यासारखी गुरगुर आली होती, शब्द नव्हे. ग्रेचं भांडं तर कागदाबाहेर आलंच नव्हतं.

अर्ज त्याच दिवशी का पोहोचले? बेलचा अर्ज २० जानेवारीलाच बोस्टनमध्ये सहीशिक्क्यानिशी तयार होता. तो अडकला होता इंग्लंडपायी. परदेशात आधी पेटंट झालं तर ब्रिटनमधला हक्क जाईल अशी धास्ती होती, म्हणून बेलने कॅनडातले संपादक-राजकारणी जॉर्ज ब्राउन यांच्याकडे वर्णनाची एक प्रत दिली. त्यांनी लंडनला जाऊन आधी तिथे नोंदवायची, कळवायचं, आणि मग इथे अर्ज टाकायचा. ब्राउन जानेवारीअखेर बोटीत बसले. लंडनला पोहोचल्यावर त्यांना हे खूळ वाटू लागलं आणि हसं होईल म्हणून त्यांनी तो कागद पुढे केलाच नाही. इकडे बेल वचनाला बांधलेला. अखेर सासरेबुवांचा धीर सुटला. हबर्डच्या सांगण्यावरून वकिलांनी १४ तारखेला अर्ज दाखल केला, तेव्हा बेल बोस्टनमध्ये होता आणि त्याला याचा पत्ता नव्हता. शर्यतीची गोष्ट सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की जिंकणारा धावतच नव्हता.

ग्रे स्वतः त्या दिवसांत वॉशिंग्टनमध्ये होता. त्याचा कागद त्याच १४ तारखेला सही होऊन त्याचे वकील विल्यम बाल्डविन यांच्यातर्फे गेला. पण तो अर्ज नव्हता. ते होतं कॅव्हेट.

हा शब्द मराठी वाचकाला कोर्टामुळे माहीत आहे. शेजारी आपल्याविरुद्ध मनाई हुकूम आणेल असा संशय आला की आपण कॅव्हेट दाखल करतो, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका. अमेरिकी पेटंट कार्यालयातलं कॅव्हेट त्याच जातीचं होतं. शोध अजून पुरा झालेला नाही, पण मी त्यावर काम करतो आहे. वर्षभरात दुसऱ्या कुणाचा असाच अर्ज आला तर मला कळवा, असं ते सांगे. मग त्याला तीन महिने मिळत, तेवढ्यात त्याने पूर्ण अर्ज द्यायचा, आणि खरा शोधक कोण याची रीतसर चौकशी व्हायची. साक्षीदार, प्रयोगवह्या, पत्रं, सगळं तपासलं जाई. अर्जाची फी पंधरा डॉलर, कॅव्हेटची दहा. तो पाच डॉलरचा फरक म्हणजे ‘झालं आहे’ आणि ‘व्हायचं आहे’ यातला फरक होता.

आणि इथे, फक्त इथे, वेळेचा संबंध येतो. कॅव्हेट त्याच्यानंतर येणाऱ्या अर्जाला अडवू शके. आधीच आत आलेल्या अर्जाला नाही.

आधी काय आलं? रोजकीर्द सांगते बेल. ग्रेच्या बाजूचे लोक सांगतात की कीर्द आगमनाचा क्रम सांगत नाही, फी लिहिल्याचा सांगते. त्यांच्या मते ग्रेचं कॅव्हेट सकाळीच आलं होतं आणि टपाल टाकतात त्या टोपलीत तळाशी जाऊन पडलं. बेलचे वकील दुपारच्या सुमाराला आले, फी ताबडतोब लिहून घ्या म्हणाले आणि कागद हातोहात परीक्षकाकडे पोहोचवून घेतला. टोपली रिकामी होता होता ग्रेचा नंबर एकोणचाळिसावा लागला. सरकारी कचेरीत ज्याने कधी काम करून घेतलं आहे त्याला यात अशक्य काही वाटणार नाही, पण पुरावा म्हणून शिल्लक आहे ती कीर्दच.

दोन्ही कागद परीक्षक झीनास विल्बर याच्या टेबलावर आले. त्याला भानगड लगेच दिसली. १९ फेब्रुवारीला त्याने बेलच्या वकिलांना कळवलं, की एका कॅव्हेटशी विरोध येत असल्याने तुमचा अर्ज तीन महिने थांबवला आहे. नियमाने हेच व्हायला हवं होतं. बेलचे वकील पोलॉक आणि बेली हे मुरलेले. त्यांनी वर तक्रार केली, की आमचा अर्ज त्याच दिवशी पण आधी आलेला आहे, वेळ तपासा. प्रभारी आयुक्त एलिस स्पिअर यांनी २५ तारखेला निकाल दिला तो मोठा मजेशीर आहे. एरवी कार्यालयाच्या दृष्टीने अख्खा दिवस हा एकच क्षण मानतात, तास-मिनिटं पाहत नाहीत. पण इथे रोजकीर्दीवरून बेलचा अर्ज आधी आल्याचं दिसतं आहे, म्हणून स्थगिती उठवा. म्हणजे ‘दोन तास’ मोजायचेच नाहीत हा रिवाज होता आणि मोजणं हा अपवाद.

दुसऱ्या दिवशी बेल वॉशिंग्टनला पोहोचला आणि त्यानंतर विल्बरला भेटला. विरोध नेमका कुठे आहे, असं त्याने विचारलं. विल्बरने बेलच्याच अर्जातल्या त्या छोट्या परिच्छेदाकडे बोट दाखवलं. बेलने सांगितलं की वर्षापूर्वी, फेब्रुवारी १८७५ मध्ये, दिलेल्या अर्जात मी पाऱ्याच्या भांड्यात बुडणारी तार दाखवली आहे, तेव्हा द्रवाची कल्पना माझी जुनीच. विल्बरला ते पटलं. खरं तर पटायला नको होतं. पारा इतका उत्तम वाहक आहे की तार जरा आत गेली काय नि बाहेर आली काय, रोधात फरक पडत नाही. तिथे तो नुसत्या उघडझाप बटनाचं काम करत होता. पण मंजुरी झाली, बेलच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, ३ मार्चला. ७ मार्च १८७६ रोजी पेटंट क्रमांक १,७४,४६५ निघालं. शीर्षक होतं तारायंत्रातील सुधारणा. टेलिफोन हा शब्द शीर्षकात नाही.

बेल बोस्टनला परतला आणि त्याच्या प्रयोगवहीत जे दिसतं त्यावरच गेली दीडशे वर्षं वाद चालला आहे. दोन-तीन दिवसांतच त्याने चुंबकाचा आपला मार्ग बाजूला ठेवला आणि द्रवाचं भांडं हाती घेतलं. ९ मार्चच्या पानावर चित्र आहे, खाली तोंड करून नळकांड्यात बोलणारा माणूस, पडदा, काडी, भांडं. १० मार्चच्या संध्याकाळी पाण्यात थोडं आम्ल घालून केलेल्या अशाच यंत्रात बेलने वॉटसनला हाक मारून बोलावलं आणि दुसऱ्या खोलीतला वॉटसन शब्द ऐकून आला. तारेतून गेलेलं पहिलं स्पष्ट वाक्य म्हणून आपण जे शिकतो ते बेलच्या पेटंटातल्या आकृतीने नव्हे, तर ग्रेच्या कॅव्हेटातल्या आकृतीसारख्या यंत्राने गेलं.

ही वही पुष्कळ वर्षं वारसांकडे होती. अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने ती सर्वांना पाहता येईल अशी केल्यावर सेथ शुल्मन या पत्रकाराने २००८ साली या साम्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

बेलने ग्रेचा कागद पाहिला होता का? १८८६ साली विल्बरने शपथेवर सांगितलं, हो. मी दारूच्या आहारी गेलो होतो, वकील बेली माझा सैन्यातला जुना सोबती, त्याचे पैसे मी देणं लागत होतो, म्हणून मी बेलला ग्रेचं कॅव्हेट दाखवलं आणि बेलने मला शंभराची नोट दिली. प्रश्न एवढाच, की याच विल्बरने काही महिने आधी शपथेवर बरोबर उलट सांगितलं होतं. दोन उलट शपथा घेणाऱ्याची कुठली धरायची? बेलने शपथेवर साफ इन्कार केला.

विल्बरपेक्षा मोलाचा पुरावा बेलच्याच हातचा आहे. २ मार्च १८७७ रोजी ग्रेला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की तुमच्या कॅव्हेटात काय होतं ते मला माहीत नाही, एवढंच कळलं की पाण्यात थरथरणाऱ्या तारेशी त्याचा काही संबंध होता. कॅव्हेट गुप्त ठेवायचे असत. पाणी आणि तार एवढं कळणं म्हणजे कळायचं ते सगळं कळणंच. माझ्या अर्जानंतर दोन तासांनी, हा शब्दप्रयोगही याच पत्रात सापडतो. पुढे गोष्टीत रूढ झालेले दोन तास बहुधा असेच आले.

आणि तो परिच्छेद? बेलच्या एका मसुद्यात तो समासात, नंतर घुसडलेला दिसतो. ब्राउनने लंडनला नेलेल्या प्रतीत तो नाहीच. बेलचं म्हणणं, अर्ज पक्का करताना मला ते अखेरच्या घटकेला सुचलं. संशयी लोकांचं म्हणणं, १४ तारखेच्या आसपास वकिलांच्या कचेरीत ते घुसलं. दोन्ही शक्य आहेत. न्याय्य अंदाज करायचा तर असा करता येईल, की लहरणाऱ्या प्रवाहाचं मूळ तत्त्व बेलचं होतं आणि ते त्याच्याकडे जून १८७५ पासून होतं, याला भक्कम पुरावा आहे. ते तत्त्व बोलतं करणारी पहिली युक्ती मात्र त्याने कुठून उचलली याबद्दल त्याची वही त्याच्या बाजूने बोलत नाही.

पण समजा हे सगळं खरं, मग ग्रे गप्प का बसला? त्याला रस्ता मोकळा होता. कॅव्हेट बाद झालं म्हणून शोधकाचा हक्क बाद होत नव्हता. तो स्वतःचा पूर्ण अर्ज देऊन चौकशी मागू शकला असता, बेलला पेटंट मिळाल्यावरही. त्याने तसं केलं नाही. त्याला पैसा पुरवणारा फिलाडेल्फियाचा सॅम्युएल व्हाइट हा दंतवैद्यकीच्या सामानाचा कारखानदार, आणि त्याचं मत ठाम होतं, की बोलणारी तार हे खेळणं, लक्ष संदेशांच्या तारेवर दे. वकिलाचा सल्लाही तोच. खुद्द ग्रेलाही तसंच वाटत होतं. हा धंद्यातला माणूस होता आणि धंद्यात तेव्हा कुणीच बोलायला पैसे देत नव्हतं. बेलला धंदा कळत नव्हता, हा त्याचा फायदाच झाला म्हणायचं.

२५ जून १८७६ रोजी फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो आणि शास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांच्यापुढे बेलने आपलं यंत्र बोलकं करून दाखवलं. आपली सुरांची तार घेऊन आलेला ग्रेही तिथेच होता. त्यानेही बेलच्या तारेला कान लावला.

पुढल्या मार्चमध्ये बेलच्या त्या पत्राला उत्तर देताना ग्रेने एक वाक्य लिहिलं आणि तेच त्याला भोवलं. प्रत्यक्षात न उतरवलेल्या नुसत्या वर्णनाला शोध म्हणू नये असं मला वाटतं, म्हणून टेलिफोन शोधल्याचं श्रेय मी मागत नाही, असा त्याचा आशय. सज्जनपणाने लिहिलेलं पत्र. वर्षभरात वेस्टर्न युनियनने ग्रे आणि एडिसन यांच्या हक्कांवर आपली टेलिफोन कंपनी उभी केली, बेलच्या कंपनीने तिच्या डाउड नावाच्या एजंटावर दावा लावला, आणि ग्रे साक्षीला आला तेव्हा बेलच्या वकिलांनी ते पत्र त्याच्या हातात ठेवलं. नोव्हेंबर १८७९ मध्ये वेस्टर्न युनियनने तडजोड करून टेलिफोनचा धंदा सोडला.

तोवर खेळणं धंदा झालं होतं. एडिसन आणि बर्लिनर यांनी १८७७ मध्ये रोध बदलण्याच्या तत्त्वावरच आपापले बोलके बनवले. द्रवाचं भांडं कुणीच वापरलं नाही, ते हिंदकळतं, सांडतं, सुकतं. भांड्याची जागा दाबाने रोध बदलणाऱ्या कोळशाने घेतली आणि शतकभर हातातल्या रिसीव्हरमध्ये तोच राहिला. त्या समासातल्या परिच्छेदाची किंमत म्हणूनच मोठी. पेटंटात ‘रोध हळूहळू कमीजास्त करून लहर आणण्याची पद्धत’ हा चौथा हक्क त्यावरच उभा होता. बेल आणि एडिसन या दोन बाजूंचा समझोता होऊन निघालेल्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीमार्फत १८८२ साली मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं, तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांच्या पेढीवरही हेच भांडण मिटलेल्या रूपात येऊन टांगलं गेलं.

बेलच्या पेटंटावर शेकडो दावे झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च १८८८ रोजी त्यांतल्या काहींचा एकत्र निकाल दिला, चार विरुद्ध तीन मतांनी बेलच्या बाजूने. न्यायालयाच्या निवाड्यांचा १२६ वा खंड म्हणजे हा एकच खटला. अर्जाच्या दिवशी यंत्र बोलत नव्हतं याची न्यायालयाला अडचण वाटली नाही, जाणत्या कारागिराला करता येईल इतकं स्पष्ट वर्णन असलं की पुरे, असं त्यांनी म्हटलं. ग्रेचा कागद पाहिल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. मजा अशी, की विरोधी तीन न्यायमूर्तींनाही ग्रे पहिला वाटला नव्हता. त्यांचं मत होतं पेनसिल्व्हेनियातल्या डॅनिएल ड्रॉबॉ नावाच्या एका खेड्यातल्या कारागिराकडे. त्याआधी १८७१ साली कॅव्हेट भरलेला अँटोनिओ मेउच्ची तर वेगळाच. १८७४ नंतर ते चालू ठेवायचे दहा डॉलर त्याला जमले नाहीत.

ग्रे १९०१ साली वारला. तोवर त्याने हस्ताक्षर तारेने पाठवणारं यंत्र काढलं, ते चाललंही. त्याने उभारलेली वेस्टर्न इलेक्ट्रिक १८८१ साली बेलच्याच कंपनीने विकत घेतली, आणि अमेरिकेतल्या घराघरांतले बेलचे टेलिफोन पुढे शंभर वर्षं त्याच कारखान्यात तयार होत राहिले.